पाच प्रकार पाठ, पण क्लिप लावली की गोंधळ: आयझेनस्टाइनच्या एका निबंधाच्या नोट्स

माझी मावसबहीण फिल्म स्टडीजमध्ये एमए करतेय. एडिटिंगच्या पेपरला तिला सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाइनचा 'मेथड्स ऑफ मोंटाज' हा निबंध आहे, 1929 मध्ये लिहिलेला, भाषांतरकार जे लेडाने इंग्रजीत आणलेल्या 'फिल्म फॉर्म' या पुस्तकातला. मोंटाज म्हणजे फिल्मचे तुकडे एकमेकांना जोडून परिणाम आणि अर्थ तयार करणं. तसा छोटासाच आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि तीच खरी अडचण आहे, कारण वाचून होतो म्हणून वाटतं की समजला. तिने मला नोट्स पाठवल्या त्या अशा: मेट्रिक, ऱ्हिदमिक, टोनल, ओव्हरटोनल, इंटलेक्चुअल, प्रत्येकाखाली दोन ओळींची व्याख्या आणि शेवटी "आयझेनस्टाइन हे मोंटाजचे जनक मानले जातात" असं एक वाक्य, जे कुठल्याही गाइडात सापडेल आणि तेही धड बरोबर नाही, कारण त्याच काळात कुलेशॉव्ह, पुडोव्हकिन, व्हर्टोव्ह हे दुसरे सोव्हिएत दिग्दर्शकही हेच काम करत होते.

"दादा, पाचही पाठ आहेत रे, पण वर्गात क्लिप लावली की कुठला प्रकार तेच कळत नाही," हे तिचं म्हणणं. वर्गात आयझेनस्टाइनच्याच 'बॅटलशिप पोटेमकिन'मधला ओडेसाच्या पायऱ्यांचा सीन लावला होता आणि तिने लिहिलं मेट्रिक मोंटाज, कारण काय तर कट भराभर आहेत. मी रोज एडिटवरच बसतो त्यामुळे मला त्यात गंमत वाटली, पण बाहेरून बघणाऱ्याला भराभर कट म्हणजे मेट्रिक असं वाटणं अगदी साहजिक आहे, व्याख्येत "लांबी" हा शब्द आहे ना, मग लांबी कमी म्हणजे मेट्रिक! मग आम्ही ठरवलं की नोट्स पहिल्यापासून करायच्या, तीन भागांत: टर्म्स, सीन्स आणि येऊ शकतील असे प्रश्न. हे लिहितोय ते त्या नोट्स कशा झाल्या त्याबद्दल.

आधी निबंधाला एकच प्रश्न विचारला

हे पाच प्रकार म्हणजे पाच डबे नाहीत. आयझेनस्टाइन खरंतर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतोय, की एक तुकडा संपवून दुसरा कधी लावायचा हे ठरवणारा मालक कोण? त्याचं प्रत्येक उत्तर आधीच्या उत्तराशी भांडून पुढे जातं. आधी मालक असते निव्वळ लांबी. मग फ्रेमच्या आतली हालचाल त्या लांबीशी भांडायला लागते आणि ऱ्हिदमिक तयार होतं. मग तुकड्याचा भावनिक सूर त्या हालचालीशी भांडतो आणि टोनल तयार होतं, आणि असंच वर वर. म्हणजे ही शिडी आहे, आणि वरच्या पायरीवर गेलं म्हणून खालची गायब होत नाही. पायऱ्यांच्या सीनमध्ये लांबीचा हिशोब आहेच, फक्त शेवटचा शब्द लांबीचा नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की नोट्सचा ढाचा आपोआप ठरतो. प्रत्येक टर्मचं एक कार्ड करायचं आणि त्यावर "म्हणजे काय" न लिहिता "इथे कट कोण ठरवतो" असं लिहायचं. त्याच्याखाली "बघणाऱ्याला कुठे लागतं", कारण निबंधात तोही धागा बरोबरीने चालतो, मेट्रिक थेट शरीराला लागतं आणि पुढे पुढे भावनेकडे आणि विचाराकडे जातं. त्याखाली एक सीन, एकच. तिच्या जुन्या नोट्समध्ये एका टर्मला तीन-तीन सिनेमांची नावं होती आणि एकाही सीनमधला एकही शॉट नव्हता, अशा नोट्सचा परीक्षेत काडीचा उपयोग नाही.

टर्म्स

मेट्रिकचं कार्ड सगळ्यात सोपं झालं. कट ठरवते तुकड्याची लांबी, फिल्मच्या पट्टीवर मोजता येईल अशी. गाण्याच्या मात्रांसारखं एक प्रमाण धरायचं, आणि ताण वाढवायचा तर सगळे तुकडे त्याच प्रमाणात आखूड करत जायचे. फ्रेममध्ये काय चाललंय याला दुय्यम स्थान. निबंधात याचं एक झकास उदाहरण आहे, त्याच्याच 'ओल्ड अँड न्यू'मधली गवत कापायची शर्यत. प्रत्येक तुकड्यात फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणारी एकच हालचाल, आणि तुकडे आखूड होत गेले तसे थिएटरातले हळव्या मनाचे प्रेक्षक बसल्या जागी डावीकडे-उजवीकडे डुलायला लागले, अधिकाधिक जोरात, आणि हे बघून आपल्याला हसू आलं असं तो स्वतः सांगतो. हे उदाहरण कार्डावर हवंच, कारण "शरीराला लागतं" म्हणजे नेमकं काय ते यातून एका झटक्यात कळतं. आणि मर्यादाही तिथेच सांगितलीय: व्हर्टोव्हच्या 'द इलेव्हन्थ इयर'बद्दल तो म्हणतो की त्यातलं प्रमाण इतकं किचकट आहे की फूटपट्टी घेऊन बसलात तरच सापडेल. म्हणजे मेट्रिक चालायचं तर प्रमाण साधं हवं, अंगाला जाणवलं पाहिजे, कागदावर सुंदर असून भागत नाही.

ऱ्हिदमिक: कट ठरवताना लांबीइतकाच हक्क फ्रेममधल्या मजकुराला, हालचालीला. टोनल: कट ठरवतो तुकड्याचा मुख्य भावनिक सूर, आणि तो सूर हवेत नसतो, उजेड किती, धूसरपणा किती, रेषा टोकदार की गोलसर अशा दिसणाऱ्या गोष्टींतूनच येतो. इंटलेक्चुअल: कट ठरवते कल्पना, दोन तुकड्यांतल्या अर्थांची टक्कर.

ओव्हरटोनलवर मात्र तिचं घोडं अडलं, आणि सगळ्यांचंच अडतं. व्याख्या वाचली तर टोनल आणि ओव्हरटोनल सारखेच वाटतात. मग मी तिला तिच्याच क्लासची आठवण करून दिली, लहानपणी गाणं शिकायची ती. तानपुऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते, पण तानपुरा नीट लागला की खर्जातून गंधार ऐकू यायला लागतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो. कुणी छेडलेला नाही, पण आहे. आयझेनस्टाइनने हा शब्द संगीतातूनच उचललाय आणि त्याला हेच म्हणायचंय: टोनलमध्ये तुम्ही मुख्य सूर धरून कापता, ओव्हरटोनलमध्ये मुख्य सुराला तसं राज्य करू न देता उजेड, हालचाल, चेहरा, उष्मा, घाम अशा सगळ्या उपसुरांची एकत्र बेरीज धरून कापता. त्याचं उदाहरण 'ओल्ड अँड न्यू'मधली पावसासाठी निघालेली मिरवणूक, दुष्काळ पडलाय आणि लोक मूर्ती-क्रॉस घेऊन रणरणत्या उन्हात चाललेत. त्यात तहान कुठल्याही एका शॉटवर अवलंबून नाही, पण सगळे शॉट एकामागून एक आले की घसा कोरडा पडतो. तिने कार्डावर फक्त "स्वयंभू गंधार" एवढंच लिहिलं आणि खाली मिरवणूक. चालेल, नोट्स स्वतःसाठी असतात.

एक चाचणीही आम्ही प्रत्येक कार्डाच्या पाठीमागे लिहिली, ही निबंधात नाही, एडिटवर काम करताना मी हीच वापरतो. सीन मनातल्या मनात मोडून बघायचा. तुकड्यांची लांबी तीच ठेवून आतली चित्रं बदलली तरी परिणाम बऱ्यापैकी तोच राहतो का? मग मेट्रिक. हालचालीची दिशा किंवा वेग बदलला की सीन कोसळतो का? ऱ्हिदमिक. हालचाल तशीच ठेवून धुक्याऐवजी लख्ख ऊन आणलं की मरतो का? टोनल. क्रम उलटा केला की म्हणणंच उलटं होतं का? बहुतेक इंटलेक्चुअल. ओव्हरटोनलसाठी अशी साधी चाचणी मला सापडलेली नाही, एक गोष्ट काढली तर थोडा कमी होतो, दुसरी काढली तर अजून थोडा, एवढंच.

सीन्स

इथे आम्ही जास्त वेळ घालवला, कारण मार्क इथेच असतात. तीनच सीन घेतले.

पहिला अर्थातच ओडेसाच्या पायऱ्या, 1925. तिच्या जुन्या नोट्समध्ये "सैनिक गोळ्या झाडतात, लोक पळतात, बाबागाडी घरंगळते" एवढं होतं, ही कथा झाली, विश्लेषण नाही. म्हणून सीन पुन्हा लावला आणि एकच गोष्ट बघायची असं ठरवलं: सैनिकांचे पाय कधी येतात. पांढऱ्या अंगरख्यातल्या सैनिकांची रांग, बूट पायरीवरून पायरीवर, एकसुरी, ढोलाच्या ठोक्यासारखे पडताहेत. साहजिक अपेक्षा काय, की कटसुद्धा त्याच ठोक्यावर पडतील. पडत नाहीत! निबंधात हे अगदी स्पष्ट लिहिलंय, पायांचा ठेका कटच्या ठेक्याशी जुळत नाही, प्रत्येक वेळी तो ऑफबीट येतो, आणि प्रत्येक वेळी शॉटची रचनाही वेगळी असते. अस्वस्थता येते ती या न जुळण्यातून. तिचं "भराभर कट म्हणून मेट्रिक" इथे आपोआप पडलं, कारण मेट्रिक असतं तर ठेका जुळला असता आणि आपण त्याच्याबरोबर डुललो असतो, गवतकापणीसारखे. इथे डुलता येत नाही, अडखळतो आपण.

मग पुढची पायरी. पायांची उतरण म्हणजे तुटक उतरण, एक एक पायरी. ती ज्या क्षणाला टिपेला जाते तिथे आयझेनस्टाइन तीच खाली जाणारी हालचाल दुसऱ्या वस्तूकडे सोपवतो, बाबागाडीकडे. आईला गोळी लागते, ती कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल धरून खाली बसत जाते, तिच्या धक्क्याने गाडी सुटते. आता उतरण तुटक राहिली नाही, चाकांवरची सलग घरंगळण झाली. दिशा तीच, गुण बदलला. हे सगळं फ्रेमच्या आत चाललंय आणि कट त्याच्या मागे जाताहेत, म्हणून ऱ्हिदमिक. आणि मधे ती दुसरी आई, तुडवल्या गेलेल्या मुलाला हातात घेऊन सैनिकांच्या दिशेने वर चढणारी. सगळा सीन खाली वाहतोय आणि एकटी ती वर. बहिणीने विचारलं हे कशात टाकू, मी म्हटलं ऱ्हिदमिकमध्येच टाक, कारण टक्कर हालचालींच्या दिशांचीच आहे, उगाच प्रतीक-बितीक शोधत इंटलेक्चुअलकडे जाऊ नकोस.

नोट्समध्ये सेकंद लिहायचे नाहीत हेही इथेच ठरलं. ती हौसेने मोबाइलचं स्टॉपवॉच लावून शॉट मोजायला बसली होती. मूक सिनेमाचा वेग ठरलेला नव्हता, वेगवेगळ्या प्रती वेगवेगळ्या वेगाने चढवल्या गेल्यात, आणि 'पोटेमकिन'च्या तर रिस्टोर केलेल्या आणि कापलेल्या प्रतीही बऱ्याच आहेत. 36 फ्रेमचा शॉट 18 च्या वेगाने दोन सेकंद चालतो आणि 24 च्या वेगाने दीडच. म्हणजे तिने लिहिलेला आकडा परीक्षकाने पाहिलेल्या प्रतीत खोटा ठरू शकतो. प्रमाण मात्र टिकतं, हा शॉट आधीच्याच्या साधारण निम्मा आहे असं लिहिलं तर कुठल्याही वेगात खरं, अर्थात त्या प्रतीत शॉट कापलेला नसेल तर.

दुसरा सीन धुक्याचा, त्याच सिनेमातला. हा विद्यार्थी हमखास सोडतात कारण त्यात काही "घडत" नाही. वाकुलिनचुक नावाच्या खलाशाचा मृतदेह ओडेसाच्या धक्क्यावर आणून ठेवलाय, आणि त्याच्याभोवती लोक जमायच्या आधी बंदरातल्या धुक्याचे शॉट येतात. एडवार्ड टिसेचा कॅमेरा. नांगरलेली जहाजं किंचित हलताहेत, पाणी जेमतेम थरथरतंय, वाफ हळूहळू वर जातेय, समुद्रपक्षी अलगद पाण्यावर उतरताहेत. हालचाल आहे, पण कुणी कुठे जात नाहीये, आणि निबंधात हाच मुद्दा आहे, की इथली थरथर जागा बदलणारी नाही. मुख्य सूर उजेडाचा, म्हणजे धुकं किती दाट आणि किती उजळ, आणि ही बारीक हालचाल त्याला दुय्यम साथ. कट त्या उजेडाच्या कमी-जास्तीवर आहेत.

हा सीन कार्डावर घ्यायचं माझं कारण वेगळंच होतं. पायऱ्या आणि धुकं एकाच सिनेमातले, एकाच दिग्दर्शकाचे, आणि कट ठरवणारा मालक वेगळा. परीक्षेत तुलना करायला यापेक्षा सोयीची जोडी नाही, कारण बाकी सगळं सारखं आहे, फरक उरतो तो फक्त पद्धतीचा.

तिसरा 'ऑक्टोबर'मधला देवांचा, 1917 च्या रशियन क्रांतीवरचा हा सिनेमा 1928 मध्ये आला. जनरल कॉर्निलॉव्ह पेट्रोग्राडवर चालून येतोय, देव आणि देशाच्या नावाने. तर आयझेनस्टाइन "देव" या शब्दावर थांबतो आणि देव दाखवायला लागतो. सुरुवात भरजरी बरोक शैलीतल्या ख्रिस्ताच्या मूर्तीपासून, मग एकेक करत वेगवेगळ्या धर्मांचे, आणि शेवटी ओबडधोबड लाकडी मूर्ती. फ्रेममध्ये कुणी हलत नाही, उजेडातून काही भावना बांधलेली नाही, मूर्तींचा कथेशी जागा-वेळेचा काहीच संबंध नाही. प्रत्येक मूर्ती बघताना आपल्या मनात "देव" हा शब्द आहे आणि समोरचं चित्र त्या शब्दाला दर कटागणिक जरा कमी कमी शोभतंय, ही टक्कर. क्रम उलटा करून बघ म्हटलं. लाकडी मूर्तीपासून सुरू करून झळाळत्या ख्रिस्तावर संपवला तर तेच शॉट, त्याच लांबीचे, धर्माच्या प्रगतीची गोष्ट सांगायला लागतील, त्याला जे म्हणायचंय त्याच्या बरोब्बर उलट. इंटलेक्चुअलचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

'पोटेमकिन'मधल्या दगडी सिंहांबद्दल ती अडून बसली होती, कारण इंटरनेटवर जिथे तिथे इंटलेक्चुअल मोंटाजचं उदाहरण म्हणून तेच तीन सिंह: झोपलेला, जागा झालेला, उठलेला. क्राइमियातल्या अलुप्का इथल्या राजवाड्याचे पुतळे आहेत ते, तीन वेगळे, आणि जोडले की एकच सिंह उडी मारून उठल्यासारखा वाटतो. आयझेनस्टाइनने ते दुसऱ्या निबंधात घेतलेत, हालचाल नसलेल्या वस्तूंतून कटने हालचाल तयार करणं या मुद्द्याखाली. त्यात अर्थ आहेच, दगडही खवळले वगैरे. पण "या रीडिंगच्या आधारे" असा प्रश्न असेल तर सिंह बाजूला ठेवून देव घ्यायचे. कुलेशॉव्हचा तो एकच चेहरा सुपाची वाटी, शवपेटी अशा शॉट्सना जोडून वेगवेगळे भाव भासवणारा प्रयोग तसाच, छान आहे, प्रसिद्ध आहे, आणि या निबंधाचं ते काम नाही. नोट्समध्ये एक ओळ टाकली, "हे बाहेरचं", आणि पुढे गेलो.

प्रश्न

प्रश्न कसे काढायचे यावर तिची कल्पना म्हणजे मागच्या वर्षांचे पेपर. ते बघावेतच, पण रीडिंग स्वतःच सांगतं प्रश्न कुठून येणार, जिथे त्याचं म्हणणं ताणलं जातं तिथून. या निबंधात मला अशा तीन जागा दिसतात.

पहिली, शेजारच्या दोन पायऱ्यांमधली हद्द. मेट्रिक आणि ऱ्हिदमिक, ऱ्हिदमिक आणि टोनल, टोनल आणि ओव्हरटोनल. कुठलाही शिक्षक मेट्रिक आणि इंटलेक्चुअलचा फरक विचारणार नाही, तो कुणीही सांगेल. म्हणून पहिला प्रश्न असा: पायऱ्यांच्या सीनमधले कट वेगवान असूनही आयझेनस्टाइन त्याला मेट्रिक का म्हणत नाही? दुसरा: धुक्याच्या सीनमध्ये हालचाल असूनही तो ऱ्हिदमिक का नाही?

दुसरी जागा, प्रेक्षक. आयझेनस्टाइन असं गृहीत धरतो की अमुक पद्धतीने कापलं की प्रेक्षकाला अमुकच लागणार. गवतकापणीला लोक डुलले, ठीक. पण देवांच्या सीनला प्रत्येक प्रेक्षक त्याच निष्कर्षाला येईल याची खात्री काय? 'ऑक्टोबर'वर त्या काळी कळत नाही म्हणून टीका झालीच होती. आपल्याकडचा श्रद्धाळू प्रेक्षक सगळ्या धर्मांचे देव ओळीने बघून हात जोडेल आणि "सगळे देव एकच" असं म्हणेल, त्याच कटांतून. प्रश्न: इंटलेक्चुअल मोंटाजचा अर्थ प्रेक्षकाच्या आधीच्या समजुतींवर किती अवलंबून आहे? हा माझा आवडता, कारण यात पाठांतर चालत नाही.

तिसरी, आवाज. निबंधातली सगळी उदाहरणं मूक सिनेमातली. 1928 मध्ये आयझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांड्रॉव्ह यांनी मिळून आवाजाबद्दल एक निवेदन काढलं होतं, की आवाज चित्राला चिकटवू नका, त्याच्या विरोधात वापरा. मग प्रश्न: संगीताच्या ठेक्यावर कापलेलं आजचं गाणं मेट्रिक म्हणायचं का? यावर मी तिला गणपतीतल्या ढोल-ताशा पथकाच्या रीलचं उदाहरण दिलं. ठेका आयता आहे आणि एडिटर डोळे मिटून ठोक्यावर कापतो, मग आत ढोल असो, ध्वज असो की गर्दी, तर हे चाचणीप्रमाणे मेट्रिक. पण एखादा एडिटर टिपरू वर उचललेलं असतानाच कापतो आणि ठोका पुढच्या शॉटमध्ये, दुसऱ्याच वादकाच्या हातून पडू देतो, तेव्हा कट ठोक्यावर नाही, हाताच्या हालचालीवर आहे, म्हणजे ऱ्हिदमिक. तिने लगेच विचारलं, "आणि दोन्ही असेल तर?" तर दोन्ही लिही आणि शेवटचा शब्द कुणाचा ते सांग, शिडीचा मुद्दा तिथे वापर.

मग तिच्याकडून पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहून घेतलं, पाठ करायला म्हणून नाही, कार्डावरून उत्तर उभं राहतं का ते बघायला. तिने लिहिलं ते साधारण असं:

"मेट्रिक मोंटाजमध्ये तुकड्याची लांबी ठरलेल्या प्रमाणात असते आणि फ्रेममधली कृती त्या प्रमाणाला शरण जाते, त्यामुळे प्रेक्षकाला ठेका अंगात जाणवतो. ओडेसाच्या सीनमध्ये सैनिकांच्या पावलांचा ठेका फ्रेमच्या आत आहे, पण कट त्याच्याशी जुळत नाहीत. ताण लांबी कमी झाल्यामुळे येत नाही, दोन ठेके एकमेकांना छेद देतात त्यामुळे येतो. तो टिपेला पोचतो तेव्हाही फक्त तुकडे आखूड करण्याऐवजी पावलांची तुटक उतरण बाबागाडीच्या सलग उतरणीत बदलली जाते, म्हणजे निर्णायक गोष्ट फ्रेममधल्या हालचालीचा प्रकार आहे."

मी यात फक्त एक वाक्य घालायला सांगितलं, वर चढणाऱ्या आईचं, कारण परीक्षकाला तो शॉट आठवतोच आणि तो न दिसल्यास उत्तर अर्धं वाटतं. बाकी उत्तर उत्तम आहे, सीनमधल्या ठरावीक गोष्टी आहेत, "प्रभावी", "उत्कृष्ट" असले शब्द नाहीत, आणि टर्म प्रत्येक वेळी एखाद्या दिसणाऱ्या गोष्टीला बांधलेली आहे.

न पाहिलेली क्लिप आली तर काय, यासाठी एक क्रम ठरवला. पहिल्यांदा बघताना काही लिहायचं नाही. दुसऱ्यांदा लावली तर फक्त कटच्या जागा बघायच्या आणि स्वतःला विचारायचं की हा शॉट इथेच का संपला, हालचाल पूर्ण झाली म्हणून, ठोका पडला म्हणून, की समोर येणाऱ्या गोष्टीशी काही सांगायचं होतं म्हणून. क्लिपमध्ये साधी कंटिन्युइटी असेल, म्हणजे कट लपवायचाच प्रयत्न असेल, तर जबरदस्तीने पाचातला एक प्रकार चिकटवायचा नाही, तसं सरळ लिहायचं. आणि हिंदी सिनेमातला तो नेहमीचा तुकडा, हिरो एका गाण्यात वर्षभराची तालीम करतो तो, त्यालाही मोंटाज म्हणतात पण तिथे काम वेळ आखडण्याचं आहे, आयझेनस्टाइनची टक्कर तिथे असेलच असं नाही.

एक प्रश्न आम्ही यादीत ठेवला पण उत्तर ठरवलं नाही: ओव्हरटोनल ही खरंच वेगळी पद्धत आहे, की चांगल्या एडिटिंगचं नुसतं वर्णन? ती म्हणते वेगळी आहे, मिरवणुकीच्या सीनमध्ये मुख्य सूर बोट ठेवून दाखव म्हणाली, मला दाखवता येईना. माझं म्हणणं असं की टेबलावर बसलेला कुठलाही एडिटर सगळ्या गोष्टींची बेरीज करूनच कापतो, धुक्याचा सीन कापतानाही पाण्याची थरथर हिशोबात होतीच की, मग नवं काय? पेपरात हा आला तर दोन्ही बाजू लिहून तिने आपली बाजू घ्यावी असं ठरलं, मिरवणूक तिच्या बाजूने, धुकं माझ्या.